संताचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव: कोणाची जागा कुठली?

वाचकाचे पत्र

"आमची मुलगी तीन महिन्यांची आहे. माझे माहेर वसईचे, कॅथलिक, आडनाव परेरा. सासर नाशिकचे, प्रॉटेस्टंट, आडनाव साळवे. बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये करायचे दोन्ही घरांना मान्य आहे. मुलीचे नाव आम्ही 'ओवी' ठरवले. आई म्हणते, संताचे नाव नसेल तर फादर बाप्तिस्मा देणार नाहीत; तिला 'मारिया' किंवा 'आना' हवे आहे. मी 'ओवी मारिया साळवे' असे सुचवले, तर सासूबाईंनी विचारले, मग वडिलांचे नाव कुठे गेले? दीर म्हणतात, 'ओवी साळवे' ऐकून मुलगी ख्रिस्ती आहे हे कोणाला कळणार, त्यापेक्षा परेरा लावा. जन्मदाखला अजून बिननावाचा आहे. आम्ही काय करावे?"
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर

ताई, तुमच्या घरात एकाच नावावरून बोलणे चालले आहे असे वाटते खरे, पण तुमची आई, सासूबाई आणि दीर तीन वेगवेगळ्या जागांबद्दल बोलत आहेत. आईचे बोलणे बाप्तिस्म्याच्या नावाचे आहे, सासूबाईंचे मधल्या नावाचे आणि दिरांचे आडनावाचे. या तिन्ही जागांचे उगम निराळे आहेत, त्यामुळे एकाचा हट्ट दुसऱ्याच्या जागेवर लादला की गोंधळ होतो. नाशिकमधील एका चर्चच्या कार्यालयात मी अनेक वर्षे नोंदवह्या लिहिल्या आणि दाखले दिले. तेव्हा दुरुस्तीसाठी आलेल्या कुटुंबांपैकी बहुतेकांची अडचण नेमकी याच सरमिसळीतून उभी राहिलेली असे.

आईपासून सुरुवात करते. त्यांची समजूत निराधार नाही, ती जुनी आहे. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेत धर्मगुरूंना अशी सूचना होती की, बाप्तिस्मा घेणाऱ्याला ख्रिस्ती नाव दिले जाईल याची काळजी घ्यावी, आणि आईवडिलांना ते पटवता आले नाही तर त्यांनी ठेवलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे वहीत लिहावीत. तुमच्या आजीच्या पिढीने हाच नियम अनुभवला आणि आईने तो घरात ऐकला. पण नीट पाहिले तर त्या कडक नियमातही बाप्तिस्मा नाकारावा असे म्हटलेले नव्हते. नाव जोडावे, एवढेच म्हटले होते. १९८३ पासून लागू असलेल्या संहितेत तर संताच्या नावाची अटच राहिलेली नाही. तिच्या ८५५ व्या कलमानुसार आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी एवढेच पाहायचे आहे की, ख्रिस्ती भावनेला परके असे नाव दिले जाऊ नये. म्हणून तुमच्यापुढचा प्रश्न 'ओवी हे संताचे नाव आहे का' असा नसून 'ओवी हे नाव ख्रिस्ती भावनेला परके आहे का' असा आहे.

त्याचे उत्तर मी मनापासून 'नाही' असे देईन. मराठीतील पहिले मोठे ख्रिस्ती काव्य, फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये गोव्यात छापले गेलेले 'ख्रिस्तपुराण', ओवी छंदातच आहे आणि त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. रेव्हरंड टिळकांनी सुरू केलेले आणि त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले 'ख्रिस्तायन'ही ओवीबद्धच आहे. लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. ज्या शब्दाच्या आधारे मराठी माणसाला चारशे वर्षे येशूची गोष्ट सांगितली गेली, तो शब्द मुलीचे नाव म्हणून परका कसा ठरेल? तुम्ही हे नाव केवळ गोड वाटते म्हणून निवडले असले, तरी फादरांना आणि आईला हा धागा जरूर सांगा.

आता आईच्या इच्छेतील खरी गोष्ट बाजूला पडू देऊ नका. कॅथलिक परंपरेत संताचे नाव देणे म्हणजे त्या संताच्या आश्रयाखाली मूल सोपवणे. संत आना ही मरियेची आई, म्हणजे येशूची आजी. तिचा सण २६ जुलैला असतो. एखादी आजी नातीसाठी हे नाव मागते, तेव्हा तिला कागदावरील शब्दापेक्षा त्या संतमातेची सोबत हवी असते असे मला वाटते. ही सोबत नाव न बदलताही देता येते. कॅथलिक बाप्तिस्मा विधीत संतांना उद्देशून केलेली एक लहान प्रार्थना असते आणि तीत मुलाच्या आश्रयदात्या संताचे नाव जोडण्याची मुभा असते. शिवाय नोंदवहीतही त्याची दखल घेता येते. त्याकडे पुढे येते.

सासूबाईंचा प्रश्न साधा वाटला तरी तुमच्या पत्रातील तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. वसईच्या कॅथलिक घरांत नाव सांगण्याची रीत बहुधा 'स्वतःचे नाव, संताचे नाव, आडनाव' अशी असते. नाशिक, अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत मात्र शेजारच्या सर्व मराठी घरांप्रमाणे 'स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव' ही रीत आहे. या दोन्ही रीतींमध्ये मधली जागा एकच आहे, पण तिचा अर्थ अगदी वेगळा आहे. 'ओवी मारिया साळवे' हे नाव वसईत कोणी वाचले तर मुलीची दोन नावे आहेत असे समजेल. तेच नाशिकच्या शाळेतील लिपिकाने वाचले तर तो मारिया हे पालकाचे नाव समजेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

त्यात आता आणखी एक बदल झाला आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शाळेच्या आणि इतर शासकीय कागदपत्रांत 'मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव' या क्रमाने लिहायचे आहे. तुमची मुलगी या नियमात बसते. सोयीसाठी तुमचे नाव रोझलीन आणि तुमच्या पतींचे सॅम्युअल धरू. मग शाळेत मुलीचे नाव 'ओवी रोझलीन सॅम्युअल साळवे' असे लागेल. आता जन्मदाखल्यावर तुम्ही 'ओवी मारिया' अशी दोन नावे नोंदवलीत, तर तेच नाव 'ओवी मारिया रोझलीन सॅम्युअल साळवे' असे पाच शब्दांचे होते. कुठेतरी रकाना अपुरा पडला आणि एखादा शब्द गळला, तर उरलेल्या शब्दांतून मारिया हेच आईचे नाव वाचले जाईल. कॅथलिक घरांत हे आणखी जपावे लागते, कारण आईचेच नाव मारिया किंवा आना असणे अगदी सहज शक्य असते, आणि मग मधला शब्द मुलीच्या संताचा की तिच्या आईचा, हे कागदावरून कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून माझे मत असे आहे: सरकारी कागदांवर मुलीचे स्वतःचे नाव एकाच शब्दाचे ठेवावे आणि संताचे नाव मधल्या जागेत घालू नये. संताला चर्चच्या वहीत मानाची जागा आहे, ती तिथेच द्यावी.

याला एक पर्याय आहे आणि तो कमी प्रतीचा नाही. आईची ओढ फार तीव्र असेल आणि तुम्हालाही पटत असेल, तर 'मारिया' किंवा 'आना' हेच अधिकृत नाव ठेवा आणि घरात ओवी म्हणा. कागदावर एक आणि हाक मारायला दुसरे, अशी दोन नावे मराठी घरांना नवी नाहीत. फक्त मग सर्व कागदांवर तेच एक नाव राहिले पाहिजे; लाडाचे नाव बालवाडीच्या फॉर्मवरसुद्धा जाऊ देता कामा नये. तुमच्या पत्रातून 'ओवी' या नावाविषयीचे प्रेम जाणवते, म्हणून मी हा मार्ग पहिला सुचवत नाही.

दिरांच्या बोलण्याचे मला थोडे वाईट वाटले, कारण 'साळवे हे ख्रिस्ती आडनाव वाटत नाही' असे नाशिककर ख्रिस्ती माणसाने म्हणावे, यात आपल्याच इतिहासाची ओळख पुसट झाल्याचे दिसते. आडनाव बाप्तिस्म्यात मिळत नाही. पाणी ओतताना धर्मगुरू केवळ 'ओवी, मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो' असे म्हणतात. त्या वाक्यात साळवेही नसते आणि परेराही नसते. आडनाव घराकडून येते आणि ते कसे आले, हे त्या त्या भागातील इतिहासावर अवलंबून असते.

वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्यांना बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे पोर्तुगीज आडनाव मिळे. त्यामुळे परेरा, लोपीस, डिसोझा ही आडनावे एकमेकांशी रक्ताचा काहीही संबंध नसलेल्या शेकडो कुटुंबांत पसरली. नाशिक आणि अहमदनगर भागात ख्रिस्ती धर्म प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर आला आणि तिथे कुटुंबांनी आपली आडनावे तशीच ठेवली. म्हणून आपल्याकडे साळवे, गायकवाड, शिंदे, पवार ही आडनावे हिंदू, बौद्ध आणि ख्रिस्ती अशा तिन्ही घरांत सापडतात. 'परेरा' जास्त ख्रिस्ती आणि 'साळवे' कमी ख्रिस्ती असे काही नाही. एक आडनाव पोर्तुगीज अमलाची खूण आहे आणि दुसरे त्या अमलाबाहेर राहिल्याची.

आपल्या शहरानेच या बाबतीत किती तऱ्हा पाहिल्या आहेत! गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले शरणपूरच्या मिशन शाळेत शिकत होती. त्यांच्यापैकीच एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेतून परत नेणाऱ्यांमध्ये तो होता आणि १८७४ मध्ये लंडनला त्यांच्या अंत्यविधीला हजर होता. त्याचे नाव आणि आडनाव दोन्ही मिशनकडून आले. मागचे घर हरवलेल्या मुलाला दुसरे आडनाव होतेच कुठे? नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले, म्हणजे नाव बदलले पण आडनाव राहिले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नाव, वडिलांचे नाव, आडनाव यांतील एकही शब्द बदलला नाही. त्यांच्या मुलाचे नावही देवदत्त. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये बाप्तिस्म्यात 'मेरी' हे नाव मिळाले, तरी महाराष्ट्राने त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखले. यांच्यापैकी कोणाच्या श्रद्धेचे माप त्यांच्या आडनावावरून घेता येईल का, हे दिरांना एकदा शांतपणे विचारून पाहा.

आईचे आडनाव मुलीला लावण्यात गैर काही नाही. ते तुम्हाला मुळातच हवे असते, तर मी विरोध केला नसता. पण 'ख्रिस्ती वाटावे' म्हणून ते लावणे मला पटत नाही. शिवाय एक व्यावहारिक बाजूही आहे. पुढे इतर मागासवर्गाचा दाखला काढायची वेळ आली, तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा आणि वडील, आजोबा अशी सलग वंशावळ मागितली जाते. मध्येच आडनाव बदललेले असले, तर प्रत्येक पायरीवर प्रतिज्ञापत्रे जोडत बसावे लागते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. जन्मदाखला बिननावाचा आहे हे तुमच्या पथ्यावर पडले आहे. जन्मनोंदणी कायद्याच्या १४ व्या कलमानुसार नाव नंतर भरता येते. जन्मनोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत ते शुल्काशिवाय भरले जाते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. मात्र एकदा भरलेले नाव मन बदलले म्हणून पुसता येत नाही. त्या नोंदीत लेखनाच्या चुका दुरुस्त होतात, आणि पूर्ण नावबदलासाठी राजपत्राचा मार्ग धरावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागतो, त्यामुळे महापालिकेच्या फॉर्मवर तुम्ही जे लिहाल, तेच मुलीबरोबर आयुष्यभर चालेल. म्हणून आधी घरात ठरवा, मग महापालिकेत नाव भरा आणि दाखला हातात आल्यावरच बाप्तिस्म्याचा फॉर्म भरा. अनेक जण उलटा क्रम धरतात आणि मग चर्चचे नाव एक आणि दाखल्याचे दुसरे, असे होऊन बसते.

फॉर्म भरताना स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्या, कारण बायबलमधील नावांची आपल्याकडे दोन दोन रूपे आहेत. मराठी बायबलमध्ये जो शमुवेल, तोच बोलताना सॅम्युअल. जो योहान, तो जॉन. आणि याकोब हा तर जेकबही असतो आणि जेम्सही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचे नाव बाप्तिस्म्याच्या वहीत योहान, शाळेच्या दाखल्यावर जॉन आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या रकान्यात पुन्हा योहान असे होते. ते मराठी नाव इंग्रजीत उतरले तेव्हा `YOHAN` झाले आणि मुलाच्या पासपोर्टच्या वेळी `JOHN` आणि `YOHAN` ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. तुमच्या पतींच्या आधारवर `SAMUEL` असेल, तर मुलीच्या दाखल्यावर इंग्रजीत `SAMUEL` आणि मराठीत 'सॅम्युअल' असेच आले पाहिजे. सासूबाई घरात शमुवेल म्हणत असल्या तरी त्या दिवशी कागदावर ते रूप येऊ देऊ नका. आडनावाचेही तसेच: `SALVE` आणि `SALAVE` ही संगणकाच्या दृष्टीने दोन कुटुंबे आहेत.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलीचे नाव, आईवडील, धर्ममातापिता, जन्माची तारीख व ठिकाण, विधीची तारीख आणि तो करणारे धर्मगुरू यांची नोंद होते. फादरांना विनंती करा की नावाच्या रकान्यात जन्मदाखल्याप्रमाणे 'ओवी' लिहावे आणि त्यापुढे 'संतनाव: मारिया आना' अशी वेगळी नोंद करावी. पुढे शाळेसाठी किंवा लग्नासाठी दाखला निघेल, तेव्हा ओवी हे नाव जुळेल, आणि आईला हवे ते नावही वहीत कायम राहील. 'मारिया' की 'आना' हा वादही इथे मिटतो, कारण या जागेत दोन्ही नावे सुखाने मावतात. मुलगी मोठी होऊन दृढीकरणाला उभी राहील, तेव्हा यांपैकी एखादे नाव ती स्वतः आनंदाने घेईल, किंवा आपल्या आवडीच्या दुसऱ्या संताचे घेईल. ती निवड तिच्यासाठी राखून ठेवा.

सासूबाईंच्या मनात कदाचित अशी शंका असेल की, संताचे नाव आले म्हणजे नात आपल्या परंपरेपासून दूर गेली. प्रॉटेस्टंट घरांत संतांच्या आश्रयाची कल्पना नाही. तिथे नावे बायबलमधून घेतली जातात, नाहीतर कृपा, आशा, करुणा, विश्वास अशी मराठी अर्थाची असतात. त्यांना सांगा की 'ओवी' हे नाव त्यांच्या घराच्या रीतीला धरूनच आहे, वडिलांचे नाव आपल्या जागी आहे, आणि मरिया तर त्यांच्याही बायबलमध्ये आहे.

बाप्तिस्म्याच्या आधी फादरांना भेटाल तेव्हा जन्मदाखल्याची झेरॉक्स सोबत न्या आणि संतांच्या प्रार्थनेत 'संत आना' हे नाव घ्यायला त्याच वेळी सांगून ठेवा. विधीत ते नाव उच्चारले जाईल तेव्हा आईला बाळाच्या अगदी जवळ उभे करा. आणि विधी झाल्यावर फोटोंसाठी बाहेर पडण्यापूर्वी पाच मिनिटे काढून वहीतील नोंद स्वतः वाचा, कारण शाई ओली असताना दाखवलेली चूक तिथल्या तिथे सुधारता येते. नंतर मात्र त्यासाठी अर्ज, पुरावे आणि समासातील नोंद असा लांबचा रस्ता धरावा लागतो.